ठिसूळ हाडात सिमेंटवाला स्टेम: आठ महिन्यांच्या वापरानंतर

सांगलीत खुब्याच्या ऑपरेशनला येणाऱ्यांत पंचाहत्तरी ओलांडलेल्या, अंगणात घसरून पडलेल्या आजी बऱ्याच असतात. अशा ठिसूळ हाडात गेले आठ महिने गुळगुळीत, निमुळता सिमेंटवाला स्टेम, म्हणजे कृत्रिम खुब्याचा मांडीच्या हाडाच्या पोकळीत बसणारा दांडा, वापरला. त्याआधी बिनसिमेंटचा वापरायचो.

निवड एक्स-रेवरच होते. एका ७६ वर्षांच्या आजींच्या फिल्मवर लेसर ट्रोकँटर या मांडीच्या हाडाच्या आतल्या बाजूच्या उंचवट्याच्या मध्यावर हाडाची पोकळी २४ मिमी भरली आणि तिथून १० सेमी खाली १९ मिमी. भागाकार ०.७९. ०.७५ च्या वर गेलं की डॉर वर्गीकरणातला सी प्रकार, म्हणजे पातळ भिंतीचा, सरळ नळीसारखा फीमर, अर्थात मांडीचं हाड.

बिनसिमेंटचा स्टेम ठोकून घट्ट बसवावा लागतो. सुरुवातीची हालचाल साधारण ४० मायक्रॉनच्या आत राहिली तर हाड त्याच्या खरबरीत पृष्ठभागात शिरतं. १५० च्या वर गेली तर तंतुमय पडदाच तयार होतो आणि मांडी दुखत राहते. सी नळीत घट्टपणासाठी जोर लावावा तर कॅल्कार, म्हणजे फीमरच्या मानेखालचा आतल्या बाजूचा जाड भाग, चिरतो. ठोक्याचा आवाज बदलला किंवा पोकळी कोरणारा ब्रोच थांबला होता त्याच्याही खाली स्टेम गेला, तर चीर आहे असंच धरून स्टेम काढा, चीर डोळ्यांनी पाहा, तार बांधा आणि मगच पुढे जा. ही चीर नजरेतून सुटली की काही आठवड्यांत स्टेम खचतो आणि त्याच्याभोवती हाड मोडतं.

सिमेंट हा गोंद नव्हे. ते हाडाच्या जाळीत घुसून तिथे अडकतं, म्हणून आमच्या मते सगळी मेहनत पोकळी धुण्यात आहे. जेट लव्हाजने, म्हणजे पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने, रक्त आणि चरबी निघून पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, स्टेमच्या टोकाच्या १ ते २ सेमी खाली प्लग बसवा, पोकळी कोरडी करा, मग सिमेंट गनने खालून वर भरत या आणि दाब द्या. प्रौढ फीमरला ४० ग्रॅमची दोन पाकिटं लागतात. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये पाकिटं गरम स्टोअरमध्ये राहिली तर सिमेंट अपेक्षेआधीच धरतं आणि स्टेम अर्ध्यात अडकतो. त्यामुळे पावडर आणि द्रव दोन्ही आदल्या दिवशीच थिएटरच्या थंडाव्यात ठेवा.

खरी भीती दाब देतानाची आणि स्टेम घालतानाची. चरबी व मज्जा फुप्फुसाकडे जाऊन रक्तदाब आणि ऑक्सिजन अचानक उतरतो. सिमेंट भरण्याआधी भूलतज्ज्ञांना मोठ्याने सांगा. हृदय कमकुवत असेल तर जास्तीचा दाब टाळा.

एक मर्यादा मात्र मान्यच करावी लागते. गुळगुळीत स्टेम सिमेंटमध्ये एखाद-दोन मिमी खाली सरकतो. तो तसाच बनवलेला आहे, पहिल्या वर्षाच्या फिल्मवर हे दिसलं तर घाबरू नका. पण पेशंट जोरात पडला तर हाच निमुळतेपणा पाचरीसारखा हाड फाडतो. खरबरीत सिमेंटवाल्या स्टेमपेक्षा असा फ्रॅक्चर यात जास्त दिसतो. तरीही डॉर सी हाडात ठोकून बसवलेल्या स्टेमपेक्षा हा धोका कमीच. पन्नाशीतल्या, जाड भिंतीच्या डॉर ए हाडाला मात्र आजही बिनसिमेंटचाच घालू.