साम्य तपासणीचं सॉफ्टवेअर: चौदा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. गेले चौदा महिने पीएचडीचे प्रबंध साम्य तपासणीच्या सॉफ्टवेअरमधून काढून अहवाल देणं माझ्याकडे आहे. सॉफ्टवेअरचं नाव घेत नाही, कारण खाली लिहिलेलं बहुतेक कुठल्याही सॉफ्टवेअरला लागू पडेल. अपलोड सोपं आहे, अहवाल अर्ध्या तासात येतो, रंगवलेली वाक्यं नीट दिसतात. तक्रार आकड्याबद्दल आहे. खरं तर आकड्यापेक्षा तो बघणाऱ्यांबद्दल.

संशोधक दारातून विचारतात, "मॅडम, प्लेजरिझम किती आला?" प्लेजरिझम येत नाही, साम्य येतं. यंत्राला कळतं ते एवढंच, की हे शब्द याच क्रमाने आधी कुठेतरी आहेत. ते कुणी, का आणि श्रेय देऊन वापरले का, हे त्याला कळत नाही.

एक प्रबंध सविस्तर सांगते. विषय शिक्षण हक्क कायदा २००९, त्यातलं कलम १२(१)(क), म्हणजे खाजगी विनाअनुदानित शाळांतले २५ टक्के प्रवेश. मराठीतून लिहिलेला, साधारण ४०,००० शब्दांचा. पहिला अहवाल ३१ टक्के. म्हणजे १२,४०० शब्द रंगलेले. संशोधक हबकला, मार्गदर्शक सरांचा फोन आला. मी अहवाल उघडून बसले.

पहिले ३,६०० शब्द, म्हणजे ९ टक्के, संदर्भसूची आणि सुरुवातीची पानं. संदर्भाची नोंद ठरलेल्या पद्धतीनेच लिहायची असते: लेखक, वर्ष, शीर्षक, खंड, पाने. तोच लेख शंभर जणांनी वापरला असेल तर शंभर प्रबंधांत तीच ओळ हुबेहूब असणार. गंमत अशी की नोंद जितकी बिनचूक, तितकं साम्य जास्त. पानांचे आकडे चुकवणाऱ्याचा टक्का कमी येतो. प्रमाणपत्राचंही तेच. "हा प्रबंध यापूर्वी कोणत्याही विद्यापीठाच्या कोणत्याही पदवीसाठी सादर केलेला नाही" हे वाक्य कुणी स्वतःच्या शब्दांत लिहीत नाही, लिहूही नये. हे वगळण्यात मला कधीच संकोच वाटला नाही. यूजीसीच्या २०१८ च्या विनियमांतही संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना आणि ऋणनिर्देश वगळायला सांगितलंय.

फक्त एक धोका. फिल्टर संदर्भसूची शीर्षकावरून ओळखतो. आमच्याकडे "संदर्भग्रंथ सूची" लिहिलं की तो बघतही नाही, इंग्रजी शीर्षक दिलं की पकडतो. आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी संदर्भ दिले असतील तर उलटंच होतं. एकदा पहिल्या प्रकरणानंतरचं सगळंच सूची समजून वगळलं गेलं. टक्का इतका सुंदर आला की शंका आली. तेव्हापासून वगळलेला भाग कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे आधी पाहते.

पुढचे २,४०० शब्द, ६ टक्के, अवतरणांचे. कलमांचा मजकूर, शासन निर्णयातले परिच्छेद. हे शब्दशःच द्यावे लागतात. एका संशोधिकेने टक्का कमी करायला "किमान २५ टक्के" चं "सुमारे २५ टक्के" केलं होतं. साम्य गेलं, कायदाही गेला! किमान म्हणजे त्याहून कमी चालणार नाही, सुमारे म्हणजे चोवीसही चालेल. अवतरणचिन्हं आहेत, कलमाचा क्रमांक आहे, तर ते वगळायलाच हवं. पण मराठीत आपण सर्रास एकेरी चिन्हं वापरतो आणि आमच्या फिल्टरला दुहेरीच कळतात. सुरुवातीचं चिन्ह दिलं आणि शेवटचं राहिलं, तरी अवतरण धरलं जात नाही. याच्या उलट, पानभर मजकूर चिन्हांत कोंबून वगळून घेणारे महाभागही भेटले. अवतरण योग्य असलं तरी दोन पानांत संशोधकाची चारच वाक्यं असतील तर तो प्रश्न साम्याचा नाही, लेखनाचा आहे. तो मार्गदर्शकांकडे पाठवते.

इथपर्यंत १५ टक्के गेले, उरले १६. आता तिसरा फिल्टर, आणि माझा खरा मतभेद याच्याशी आहे: चौदा शब्दांहून लहान जुळण्या वगळा. हा आकडा विनियमांतूनच आलाय. सर्वसामान्य माहिती किंवा योगायोगाने जुळणारे सलग चौदा शब्दांपर्यंतचे तुकडे धरू नयेत असं तिथे म्हटलंय. हेतू रास्त आहे. "प्रस्तुत संशोधनासाठी संशोधकाने सर्वेक्षण पद्धतीचा अवलंब केला आहे" हे वाक्य शोधगंगेवर किती प्रबंधांत असेल, मोजायला नको. त्याला चोरी म्हणणं म्हणजे "आपला विश्वासू" लिहिणाऱ्याला चोर म्हणणं.

फिल्टर लावल्यावर आणखी ४,००० शब्द, १० टक्के गेले. उरले ६. विनियमांनुसार दहापर्यंत दंड नाही. "मॅडम, सहा आले, सही करा की."

मी वगळलेले तुकडे परत चालू केले. बहुतेक विखुरलेले होते, एक इथे, एक दहा पानांनंतर, प्रत्येकाचा स्रोत वेगळा. साचेबद्ध वाक्यं अशीच दिसतात. पण दुसऱ्या प्रकरणात सलग तीन पानांवर दाटी होती, आणि सगळ्या तुकड्यांचा स्रोत एकच, एक जुना प्रबंध. मूळ वाक्य असं काहीसं:

"वंचित घटकातील पालकांना प्रवेश प्रक्रियेची माहिती वेळेवर मिळत नाही आणि कागदपत्रे जमवताना त्यांचे दिवसाचे उत्पन्न बुडते."

आणि आमच्या प्रबंधात:

"वंचित घटकातील पालकांना प्रवेश प्रक्रियेची माहिती वेळीच मिळत नाही आणि कागदपत्रे गोळा करताना त्यांचे दिवसाचे उत्पन्न बुडते."

दोन ठिकाणी बदल. त्यामुळे जुळणी सहा, चार आणि चार शब्दांत तुटली, आणि तिन्ही तुकडे फिल्टरखालून निसटले. असे साधारण ९०० शब्द. संदर्भ कुठेच नाही. म्हणून लहान जुळण्या वगळण्याआधी मी दोनच गोष्टी बघते: तुकडे विखुरलेत की दाटलेत, आणि स्रोत अनेक आहेत की एक. यंत्राला हे सांगता येत नाही, डोळ्यांनीच बघावं लागतं.

याहून वाईट पर्याय म्हणजे शब्दांऐवजी टक्क्यांनी वगळणं. "१ टक्क्याहून कमी जुळणारे स्रोत वगळा" ऐकायला निरुपद्रवी वाटतं. ४०,००० शब्दांचा १ टक्का म्हणजे ४०० शब्द, जवळपास दीड पान. दहा ठिकाणांहून एकेक पान उचललं तरी अहवाल स्वच्छ. आमच्याकडे ही सोय मी बंदच ठेवलीय. लहान शोधनिबंधात ती फारशी लपवत नाही, प्रबंधात लपवते.

जाता जाता: एकदा शून्य टक्के आला. प्रबंध जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेला, यंत्राला नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसत होती. आता अपलोडआधी एक ओळ नोटपॅडमध्ये चिकटवून बघते.

सध्या मी दोन अहवाल देते, एक काहीही न वगळता आणि एक वगळून, सोबत काय वगळलं आणि का याचं अर्धं पान. काम दुप्पट झालंय, त्यामुळे सॉफ्टवेअरला पाचपैकी तीन. त्या संशोधकाने ती तीन पानं नव्याने लिहिली, स्वतःच्या मुलाखतींतल्या पालकांवरून, आणि जुन्या प्रबंधाचा संदर्भ दिला. पुन्हा तपासलं. वगळून येणारा टक्का आधी ६ होता, नंतरही ६च आला.