इंग्रजी ओळीवरून मूळ गाणं शोधताना : आठ महिन्यांच्या वापरानंतर

इंग्रजी पुस्तकात किंवा लेखात आपल्या गाण्याची एखादी ओळ भाषांतरित भेटते आणि गाण्याचं नाव मात्र दिलेलं नसतं. अशी ओळ आधी मूळ भाषेत परत आणायची आणि मगच नेटवर शोधायची, ही पद्धत मी आठ महिने वापरतेय. वहीत 19 ओळी उतरवल्या, 13 सापडल्या.

पहिली ओळ होती, ‘यू आर नो लाँगर यू, आय ॲम नो लाँगर आय.’ जुनं हिंदी गाणं, एवढंच लेखात होतं. मी ‘मैं मैं नहीं रहा’, ‘मैं मैं न रही’ असं बरंच काही टाकून पाहिलं. गाणं काही मिळेना. इंदुरात आम्ही स्वतःबद्दल बोलताना सर्रास ‘अपन’ म्हणतो, तरी ‘आय’ म्हणजे ‘मैं’ हे डोक्यातून जात नव्हतं. लोकमान्य नगरला आत्याकडे गेले तेव्हा तिला कागद दाखवला. ती म्हणाली, “अगं, गाण्यात एकटं माणूससुद्धा ‘हम’ म्हणतं. ‘हम’ घालून म्हणून बघ.” मी म्हणून पाहिलं आणि ‘तुम रहे न तुम, हम रहे न हम’ आपोआप चालीत बसलं. 1959 च्या ‘कागज़ के फूल’मधलं कैफ़ी आज़मींचं गीत, सचिनदेव बर्मन यांचं संगीत, गीता दत्तचा आवाज.

तेव्हापासून प्रत्येक इंग्रजी शब्दापुढे दोन-तीन पर्याय लिहिते. ‘टाइम’ला समय आणि वक़्त, ‘हार्ट’ला दिल, मन, जिया. जुन्या सिनेगीतात उर्दू शब्द आधी आजमावते. अभंगांत जुनं मराठी. तुकोबांची झाडं ‘रिलेटिव्ह्ज’ होऊन भेटली तेव्हा ‘नातेवाईक’ टाकून काहीच हाती आलं नाही. ‘सोयरे’ सुचलं आणि ‘वृक्षवल्ली आम्हां सोयरीं’ समोर आलं.

अवतरणचिन्हांत शोधताना जपावं लागतं, कारण त्यात अक्षरन् अक्षर जुळावं लागतं. कुणी वक़्त नुक्त्यासह लिहितं, कुणी वक्त. हसीं आणि हसीन, सोयरीं आणि सोयरी यांचीही तीच गत. म्हणून मी असे शब्द वगळून मधले तीन-चार पक्के शब्दच अवतरणात घालते, जसं `"तुम रहे न तुम"`. पहिल्या ओळींच्या याद्या चाळण्यात मी सुरुवातीचे दोन महिने घालवले. उद्धृत केलेली ओळ पुष्कळदा अंतऱ्यातली असते, ती अशा यादीत असणारच नाही.

सापडलेलं गाणं खरंच तेच का, हे ठरवायला आधीची किंवा पुढची ओळही भाषांतराशी ताडून बघते. एकाच ओळीवर विसंबून दोनदा फसले, कारण ‘रात सरत नाही’ अशा अर्थाच्या ओळी कितीतरी गाण्यांत आहेत.

उरलेल्या सहा ओळींत भाषांतरकारानं प्रतिमाच बदलल्यासारखी वाटते. तिथे पर्यायी शब्द लिहून काही उपयोग होत नाही. त्यातली एक ठुमरीची असावी असं आत्याला वाटतं. पुढच्या रविवारी ती मला तिच्याजवळच्या कॅसेट ऐकवणार आहे.