टीव्ही म्हणाला फॉरमॅट, विक्रेता म्हणाला फॉरमॅट, आणि मी महिनाभर फॉरमॅटच बदलत बसले

घरातले जुने फोटो आणि व्हिडिओ एका पेन ड्राइव्हवर भरायचे, तो टीव्हीला लावायचा आणि सगळ्यांनी मिळून बघायचे, एवढाच बेत होता. माझ्याकडे २०१२ पासूनचं सगळं मिळून १९० जीबी भरत होतं. म्हणून ऑनलाइन ५१२ जीबीचा पेन ड्राइव्ह मागवला. इतरांपेक्षा बराच स्वस्त होता, तेव्हाच पाल चुकचुकायला हवी होती. नाही चुकचुकली.

भरायला पाचेक तास लागले. एकही फाइल अडली नाही. शेवटच्या फोल्डरमधले दहा-बारा फोटो तिथल्या तिथे संगणकावर उघडून पाहिले, स्वच्छ दिसले. (नुकत्याच कॉपी केलेल्या लहान फाइली संगणक बऱ्याचदा स्वतःच्या मेमरीतूनच दाखवतो, पेन ड्राइव्हमधून वाचतच नाही, हे मला पुढे कळलं. तपासायचं असेल तर पेन ड्राइव्ह काढून, पुन्हा लावून, मग उघडायचं.)

टीव्हीला लावला तेव्हा २०१२ ते २०१७ ची फोल्डरं मजेत चालली. २०१८ पासून पुढे मात्र प्रत्येक व्हिडिओवर "फाइलचा फॉरमॅट चालत नाही" अशी पाटी. फोटोंच्या जागी नुसते करडे चौकोन. नावं सगळी होती, तारखा होत्या, आकारही बरोबर दिसत होते. उघडत काही नव्हतं.

इथे एका योगायोगाने माझा घात केला. २०१८ मध्येच मी नवा फोन घेतला होता. जरा शोधल्यावर कळलं की त्या फोनचे व्हिडिओ एच.२६५ मध्ये आहेत आणि फोटो एचइआयसीमध्ये. जुन्या फोनचे व्हिडिओ एच.२६४ मध्ये आणि फोटो साधे जेपेग. झालं, कोडं सुटलं असं वाटलं. विक्रेत्याला लिहिलं तर त्याचंही लगेच उत्तर आलं: "मॅडम, पेन ड्राइव्ह ओके आहे. तुमच्या टीव्हीला हे फॉरमॅट चालत नाहीत. एमपी४मध्ये कन्व्हर्ट करा."

त्याचं म्हणणं वरवर अगदी खरं वाटावं असं होतं, म्हणून ते आधी नीट सांगते. एमपी४ हा फक्त डबा आहे. आत चित्र कोणत्या पद्धतीने दाबून भरलंय आणि आवाज कोणत्या, यावर टीव्हीला ते उलगडता येईल की नाही हे ठरतं. डबा एमपी४, चित्र एच.२६४ आणि आवाज एएसी असेल तर गेल्या काही वर्षांतला जवळपास कुठलाही टीव्ही ते चालवतो. एच.२६५ बहुतेक ४के टीव्हींना चालतं, जुन्या साध्या एचडी टीव्हींना बऱ्याचदा नाही. एमकेव्ही डब्यात डीटीएस आवाज असेल तर अनेक टीव्हींवर चित्र दिसतं आणि आवाज गायब होतो. फोटोंमध्ये जेपेग सगळीकडे चालतं, एचइआयसी पुष्कळ टीव्हींना कळतच नाही. नुसतं फाइलच्या नावातलं शेपूट बदलून .mp4 केलं तर आतलं काहीच बदलत नाही. आत नक्की काय आहे हे MediaInfo नावाचा छोटा मोफत प्रोग्रॅम दाखवतो.

आता कन्व्हर्ट करायचं ठरवलं. त्याआधी विक्रेत्याने आणखी एक उपाय सुचवला: "पेन ड्राइव्ह एकदा फॉरमॅट करा, फॅट३२मध्ये, आणि एक फाइल टाकून बघा." म्हणजे सगळं पुसून पेन ड्राइव्हवर फाइली फॅट३२ नावाच्या पद्धतीने मांडायच्या. यात संध्याकाळ गेली, कारण एवढ्या मोठ्या पेन ड्राइव्हसाठी विंडोजच्या नेहमीच्या खिडकीत फॅट३२ हा पर्यायच दिसत नव्हता, वेगळा प्रोग्रॅम शोधावा लागला. शिवाय फॅट३२वर ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल बसत नाही, त्यामुळे एक लांबलचक व्हिडिओ बाजूला ठेवावा लागला. पण बाकी जमलं. २०१८ चा एक व्हिडिओ HandBrake नावाच्या प्रोग्रॅमने एच.२६४ मध्ये बदलला, रिकाम्या पेन ड्राइव्हवर टाकला आणि टीव्हीवर तो लख्ख चालला!

विक्रेत्याला मी चक्क आभाराचा निरोप पाठवला.

माझी चूक नेमकी इथे होती. मी एका वेळी दोन गोष्टी बदलल्या होत्या. फाइलचा फॉरमॅटही बदलला आणि पेन ड्राइव्हही रिकामा केला. त्याच रिकाम्या पेन ड्राइव्हवर मूळचा, न बदललेला व्हिडिओ टाकून पाहिला असता तर तोही चालला असता, आणि माझे पुढचे पंधरा दिवस वाचले असते. त्या पंधरा दिवसांत मी रोज रात्री संगणक चालू ठेवून एकेका वर्षाचे व्हिडिओ बदलले, एचइआयसी फोटोंचे जेपेग केले. त्याच काळात, दहा दिवसांनी, पेन ड्राइव्ह परत करण्याची मुदत संपली. "एक फाइल टाकून बघा" हा सल्ला विक्रेत्याने भाबडेपणाने दिला असेल असं मला आता वाटत नाही.

सगळं बदलून पुन्हा भरलं आणि टीव्हीला लावलं. २०१७ पर्यंत चाललं, २०१८ पासून पुन्हा तीच पाटी.

यावेळी मी फोल्डरं बारकाईने पाहिली. २०१९ मध्ये फोनच्या फोटोंसोबत आमच्या जुन्या कॅमेऱ्याचेही फोटो होते. तोच कॅमेरा २०१४ मध्येही वापरलेला. दोन्हीकडे साधं जेपेग, तेवढ्याच आकाराचं. DSC_0231.JPG हा २०१४ चा फोटो दिसतो आणि DSC_2874.JPG हा २०१९ चा दिसत नाही. एकाच कॅमेऱ्याच्या एकाच प्रकारच्या दोन फाइली, मग टीव्ही एकीला हो आणि दुसरीला नाही कसा म्हणेल? त्यातच २०१७ च्या शेवटी एक फोटो असा सापडला की वरचा अर्धा छान आणि खालचा अर्धा सपाट करडा. जणू तिथे कोणी कात्री लावली होती.

भाच्याला फोन केला. त्याने एकच प्रश्न विचारला, "मावशी, जे चालत नाही ते सगळं शेवटी कॉपी झालेलं आहे का गं?" होतं. मग तो म्हणाला, "मग फॉरमॅटचं सोड. पेन ड्राइव्ह खोटा आहे."

पेन ड्राइव्हमध्ये दोन मुख्य भाग असतात: माहिती साठवणारी चिप, आणि संगणकाशी बोलणारा कंट्रोलर. खोट्या पेन ड्राइव्हमध्ये चिप लहान असते, पण कंट्रोलरला "मी ५१२ जीबी आहे" असं बोलायला शिकवलेलं असतं. संगणक त्याच्या शब्दावर विश्वास ठेवतो. फाइलींच्या नावांची आणि आकारांची यादी सहसा ड्राइव्हच्या सुरुवातीच्या भागात लिहिली जाते, म्हणून ती बहुतेक वेळा शाबूत राहते. मजकूर मात्र खरी जागा संपल्यावर कुठेच जात नाही. कंट्रोलर "लिहिलं" असं सांगतो आणि फेकून देतो. काही खोटे ड्राइव्ह याहून वाईट असतात, ते फिरून पुन्हा सुरुवातीपासून लिहितात, म्हणजे आधीच्या चांगल्या फाइलीही जातात. टीव्हीला बिचाऱ्याला यातलं काही कळत नाही. फाइलच्या तोंडाशी ओळखीची खूण सापडली नाही की तो फॉरमॅटची पाटी लावून मोकळा होतो. संगणकाने निदान "फाइल खराब असू शकते" असं कदाचित म्हटलं असतं.

भाच्याने सांगितल्याप्रमाणे H2testw नावाचा मोफत प्रोग्रॅम चालवला. तो रिकाम्या पेन ड्राइव्हवर एकेक जीबीच्या फाइली शेवटपर्यंत भरतो आणि मग प्रत्येक परत वाचून ताडून बघतो. वेळ भरपूर लागतो, माझी रात्र आणि दुसरा अर्धा दिवस गेला. निकालाची पहिली ओळ अशी होती: "The media is likely to be defective." खाली २९ जीबीच्या आसपास ठीक, आणि उरलेल्या सगळ्यासमोर DATA LOST. म्हणजे आत ३२ जीबीची चिप होती. लिनक्स किंवा मॅकवर हेच काम f3 हा प्रोग्रॅम करतो. पत्ता आपल्या पेन ड्राइव्हचा घालायचा:

```
f3write /media/me/PEN
f3read /media/me/PEN
```

इथे एक गोष्ट सांगून ठेवते, नाहीतर प्रामाणिक विक्रेत्यांशी भांडाल. खऱ्या ५१२ जीबीच्या ड्राइव्हवरही विंडोज साधारण ४७६ जीबी दाखवतं. बनवणारे हजाराने मोजतात आणि विंडोज १०२४ ने, म्हणून हा फरक पडतो. उलट माझ्या खोट्या ड्राइव्हवरही आकडा बरोबर तोच दिसत होता. दिसणाऱ्या आकड्यावरून काहीच सिद्ध होत नाही, भरून परत वाचल्यावरच होतं.

निकालाचा फोटो विक्रेत्याला पाठवला. त्याचं उत्तर: "मुदत संपली आहे." पैसे गेले ते गेलेच. त्याहून जास्त लागलं ते वेगळंच. पहिल्यांदा भरलं तेव्हा, सगळं पेन ड्राइव्हवर सुखरूप आहे अशा समजुतीत, २०२१ चे तीनशेच्या वर फोटो मी फोनमधून पुसून टाकले होते आणि संगणकावर ते ठेवलेच नव्हते. नातेवाइकांकडून मागून मागून चाळीसेक परत मिळाले, तेही मेसेजमधून आलेले, बारीक झालेले. ड्राइव्हमधून परत काढून देणारे प्रोग्रॅम असतात, पण जे कधी लिहिलंच गेलं नाही ते काढणार कुठून?

खोट्या ड्राइव्हचा ३२ जीबीचाच विभाग करून तो वापरता येतो, f3मध्ये तशी सोय आहे. मी केलं नाही. ज्या चिपबद्दल एवढं खोटं बोललं गेलंय तिच्यावर फोटो ठेवायला माझा हात धजत नाही.

नवा पेन ड्राइव्ह आला त्या दिवशी त्यावर एकही फोटो टाकण्याआधी H2testw लावला. "Test finished without errors." हे वाचूनच पाकीट फेकलं. आधी मूळच्या, न बदललेल्या फाइली भरल्या. आमचा टीव्ही एच.२६५ बिनतक्रार चालवतो, म्हणजे व्हिडिओंसाठी घालवलेल्या त्या रात्री पूर्ण फुकट गेल्या. एचइआयसी फोटो मात्र खरंच उघडत नाहीत, त्यांचे केलेले जेपेगच ठेवले. आणि एका एमकेव्ही व्हिडिओला चित्र आहे पण आवाज नाही. MediaInfoमध्ये पाहिलं, आवाज डीटीएस निघाला.