फाइलच्या नावात काय ठेवावे, काय ठेवू नये: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमचा अकरा स्वयंसेवकांचा गट वारीतले चित्रीकरण आणि संतांचे अभंग-ओव्या एकत्र करून दोन-तीन मिनिटांच्या चित्रफिती तयार करतो. २०२४ च्या वारीनंतर आमच्याकडे सहाशेच्या वर क्लिपा जमल्या होत्या, आणि त्यांतली हवी ती क्लिप फक्त ती चित्रित करणाऱ्यालाच सापडत असे. म्हणून आम्ही नावे देण्याची एक पद्धत ठरवली. आठ महिन्यांत ती दोनदा बदलावी लागली. सध्या प्रत्येक क्लिपचे नाव असे असते:

```
2024-07-02_diveghat_camA_003_P014.mp4
```

तारीख वर्षापासून लिहिल्यामुळे फाइली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात, हा फायदा पहिल्याच दिवशी दिसला. नावे रोमन लिपीत का, यावर मात्र गटात बराच वाद झाला. मराठी चित्रफितींची नावे मराठीतच हवीत, असे माझेही मत होते. पण ‘वारकऱ्यांचा’ हा एक शब्द आम्हाला नडला. त्यातला ‘ऱ्य’ दोन प्रकारे टंकता येतो: एकात नुक्त्याचा ‘ऱ’ असतो, दुसऱ्यात साधा ‘र’ आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही एकसारखे दिसतात, पण संगणकाला ते वेगळे शब्द वाटू शकतात. दोघांनी दोन वेगळ्या कळफलकांवर नावे टंकली आणि शोधात निम्म्याच क्लिपा आल्या. उरलेल्या हरवल्या असे समजून एकाने त्या कार्डावरून पुन्हा उतरवून घेतल्या. शिवाय यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, त्यामुळे नावासाठी २५५ बाइटची मर्यादा असलेल्या यंत्रणेत सुमारे ८५ चिन्हांतच नाव संपवावे लागते. त्यामुळे आता नाव रोमन लिपीत आणि मराठी वर्णन नोंदवहीच्या शीटमध्ये, अशी वाटणी केली आहे.

सर्वांत मोठी चूक परवानगीच्या बाबतीत झाली. सुरुवातीला परवानगी मिळालेल्या क्लिपच्या नावाला आम्ही शेवटी `OK` जोडत होतो. एका कीर्तनकारांनी आधी होकार दिला आणि नंतर कळवले की हे चित्रीकरण त्याच वर्षापुरते वापरावे. तोपर्यंत ती फाइल पाच जणांच्या संगणकांवर गेली होती आणि पाचही ठिकाणी नावात `OK` होतेच. परवानगी बदलते, नाव बदलत नाही, हे तेव्हा लक्षात आले. आता परवानगीबाबत नावात फक्त परवानगीच्या अर्जाचा क्रमांक असतो, उदाहरणार्थ `P014`, आणि शीटमध्ये त्या ओळीसमोर कोणी, कशासाठी, कधीपर्यंत आणि सध्याची स्थिती लिहिलेली असते. परवानगी मिळाली नसेल तेव्हा आम्ही `P000` देत होतो, तेही सोडले, कारण परवानगी आल्यावर पुन्हा नाव बदलावे लागे. आता चित्रीकरणाच्या दिवशीच क्रमांक दिला जातो आणि स्थिती ‘बाकी’ अशी नोंदवली जाते. संकलन करणारा क्लिप घेण्याआधी शीटमधली ती ओळ उघडून पाहतो, त्याला जेमतेम अर्धा मिनिट लागतो. दिवे घाटातल्या गर्दीतल्या प्रत्येक चेहऱ्यासाठी अर्ज शक्य नाही. क्रमांक देतो तो केवळ जवळून टिपलेल्या व्यक्तींना आणि गाणाऱ्यांना.

पाठांच्या फाइली वेगळ्या ठेवल्या आहेत. ज्ञानेश्वरीत अध्याय आणि ओवीचा क्रमांक मिळून ओळख पुरते, म्हणून पहिल्या अध्यायाची पहिली ओवी `dny-01-0001.txt` होते. अठराव्या अध्यायात अठराशेहून अधिक ओव्या असल्यामुळे चार अंक ठेवले, नाहीतर क्रम लावताना 10 हा 2 च्या आधी येतो. गाथेतील अभंगांचे क्रमांक आवृत्तीनुसार बदलतात, त्यामुळे तेथे पहिले दोन शब्द आणि आवृत्तीची खूण देतो. ‘तें’ की ‘ते’ हा प्रश्नही त्या फाइलीतच सुटतो. संकलन करणाऱ्याने पडद्यावरच्या अक्षरांत परस्पर दुरुस्ती करायची नाही, हा नियम पाळून घेणे मात्र अजूनही कठीण जाते.

एका स्वयंसेवकाने अभंगाच्या फाइलीतच एका आधुनिक आवृत्तीतील अर्थ उतरवून ठेवला होता आणि तो चित्रफितीच्या वर्णनात जवळजवळ प्रसिद्ध झालाच होता. संतांची मूळ वाणी कोणीही वापरू शकतो, पण संपादकाचा अर्थ, नवी चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगळे असतात. लेखनावरील हक्क भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. म्हणून अर्थाची फाइल आता स्वतंत्र आहे आणि त्यालाही `P` क्रमांक आहे.

ज्या एका गोष्टीवर अजून तोडगा निघालेला नाही, ती म्हणजे व्हॉट्सॲपवरून येणाऱ्या क्लिपा. त्या आकसलेल्या असतात आणि त्यांचे नाव `VID-20240702-WA0012.mp4` असे होते. त्यातली तारीख चित्रीकरणाची असेलच असे नाही. आम्ही अशी क्लिप नाव न बदलता वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो आणि पाठवणाऱ्याकडे मूळ फाइल मागतो. ती मिळेपर्यंत क्लिप वापरात येत नाही, त्यामुळे काही चांगले प्रसंग अजून त्याच फोल्डरमध्ये पडून आहेत.