शेरर सूत्र की विल्यमसन-हॉल आलेख?

एका विद्यार्थिनीने विचारले की क्ष-किरण विवर्तनातील शिखरांच्या रुंदीवरून स्फटिकांशाचा आकार शेरर सूत्राने काढावा की विल्यमसन-हॉल आलेखाने. तिची दोन शिखरे पाहू. तांब्याच्या के-अल्फा किरणांत (0.15406 नॅनोमीटर), उपकरणाची रुंदी वजा केल्यावर 2θ = 30° येथे 0.33° आणि 80° येथे 0.64° रुंदी उरते. आकारगुणक K = 0.9 धरून शेररने पहिल्यावरून सुमारे 25, तर दुसऱ्यावरून 16 नॅनोमीटर येतात. नमुना एकच असताना आकार कोनागणिक घटतो, कारण हे सूत्र स्फटिकजाळीच्या विकृतीमुळे आलेली रुंदीही आकाराच्याच खाती टाकते. विल्यमसन-हॉल या दोन्ही वेगळ्या करतो:

β cosθ = Kλ/D + 4ε sinθ

इथे β ही शिखराची रुंदी, λ तरंगलांबी, D आकार आणि ε विकृती. β रेडियनमध्ये घेऊन β cosθ हे 4 sinθ समोर मांडल्यास छेदावरून सुमारे 39 नॅनोमीटर आणि चढावरून सुमारे 0.002 विकृती मिळते. अर्थात दोन बिंदूंतून रेषा नेहमीच जाते. निदान पाच-सहा सुटी शिखरे हवीत. बिंदू विखुरले, तर आकार किंवा विकृती दिशेनुसार बदलत असावी. अशा वेळी 111 आणि 222 सारख्या एकाच कुळातील शिखरांची रेषा स्वतंत्र काढावी. छेद ऋण आला, तर तो आकार नव्हेच.

एकच स्वच्छ शिखर असेल किंवा नमुन्यांची केवळ आपसांत तुलना करायची असेल, तर शेरर पुरते. दळलेल्या भुकटीसाठी मात्र मी आलेखच काढीन.