दिवाळी पहाटेचं चित्र: आधी काय ठरवायचं?

‘दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमासाठी छान चित्र बनवा.’ इंदूरमधलं एखादं मराठी मंडळ एआयकडून चित्र करून घ्यायला बसलं की पहिला प्रॉम्प्ट साधारण असा असतो. यात चार गोष्टी नाहीत: चित्र कुठे वापरायचं, किती आकाराचं हवं, त्यात नेमकं काय दिसावं आणि ते कोणत्या शैलीत असावं. चारही एका दमात ठरत नाहीत. कार्यकारिणीत चर्चा सुरू होते ती बहुतेक वेळा शैलीवरून. कुणाला जलरंग हवे असतात, कुणाला खरा फोटो वाटेल असं काहीतरी. माझ्या मते ती चर्चा सगळ्यात शेवटी व्हायला हवी.

मॉडेलला रिकामी जागा ठेवता येत नाही, म्हणून आपण जे सांगत नाही ते ते स्वतःच भरतं, आणि शिकताना सर्वांत जास्त पाहिलेल्या चित्रांच्या वळणाने भरतं. वरच्या प्रॉम्प्टमधून बहुधा रात्र येईल, कारण ‘दिवाळी’ शब्दाबरोबर पणत्या, फटाके आणि काळं आकाश येतं आणि ‘पहाट’ त्यात बुडून जाते. चित्र चौकोनी येईल, मधोमध सजलेली बाई असेल, मागे राजस्थानी घुमटांचा कुठलासा महाल आणि सगळ्यावर सोनेरी चकाकी. चित्र वाईट नसतं, पण ते इंदूरचं नसतं आणि पहाटेचंही नसतं.

चारांपैकी आधी काय ठरवायचं, हे ठरवायला मी एकच प्रश्न विचारते: ही गोष्ट नंतर बदलली तर किती काम वाया जाईल?

शैली बदलली तर सगळ्यात कमी. तयार चित्र परत देऊन ‘रचना हीच ठेव, फक्त जलरंगात कर’ असं सांगितलं तर आजची बहुतेक साधनं ते बऱ्यापैकी करतात. चेहरे थोडे हलतात, पण मांडणी टिकते. विषयातला तपशील बदलला तर जास्त काम जातं: एखादी वस्तू तेवढा भाग निवडून बदलता येते, मुख्य विषयच बदलला तर नवं चित्र. आकार बदलला तर रचना मोडते, आणि हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. वापरच बदलला तर बाकीची तिन्ही उत्तरं पुन्हा शोधावी लागतात. म्हणून माझा क्रम आधी वापर, मग आकार, मग विषय आणि शेवटी शैली. त्याला एक अपवाद आहे, तो पुढे येईल.

वापर आधी का, ते एका उदाहरणाने पाहू. समजा चित्र दोन ठिकाणी लागणार आहे: व्हॉट्सअॅप स्टेटसवर आणि सभागृहाच्या दारावर 6 फूट रुंद, 3 फूट उंच फ्लेक्सवर. एवढं कळलं की आकाराचा प्रश्न निम्मा सुटतो. स्टेटस उभं, 9:16. फ्लेक्स आडवा, 2:1. दोन्हींवर नाव, वेळ आणि स्थळ येणार, म्हणून अक्षरांसाठी मोकळी जागा हवी. ती अक्षरं मॉडेलकडून लिहून घेऊ नका. देवनागरी जोडाक्षरं आणि मात्रा अजूनही भरवशाने येत नाहीत, आणि निमंत्रणावर चुकलेलं आडनाव फार दिवस लक्षात राहतं. अक्षरं नंतर कॅनव्हा किंवा कोरलड्रॉमध्ये टाका.

वापर ठरला की आणखी एक गोष्ट कळते, जी विषयाबद्दल आहे. हे निमंत्रण एका ठरावीक गायिकेच्या मैफलीचं असेल, तर एआयने काढलेला गायिकेचा चेहरा त्यावर नकोच. बघणारा तो चेहरा त्याच कलाकाराचा समजतो. त्यांचा खरा फोटो घ्यावा, नाहीतर चित्रात माणूसच ठेवू नये, नुसता गवसणीतून काढून ठेवलेला तानपुरा ठेवावा. विषयापासून सुरुवात करणारा ‘गाणारी स्त्री’ लिहून मोकळा झाला असता आणि मग साडीच्या रंगावर वाद घालत बसला असता. वापरापासून सुरुवात करणाऱ्याला ती व्यक्ती चित्रात लागतच नाही.

आता आकार. समजा आधी स्टेटससाठी उभं चित्र केलं, ते सगळ्यांना आवडलं, आणि मग कुणीतरी म्हणालं, हेच फ्लेक्सवर घ्या. 1024 × 1792 पिक्सेलच्या उभ्या चित्रातून 2:1 चा तुकडा कापला तर 1024 × 512 ची पट्टी उरते. त्यात तानपुऱ्याचा भोपळा येईल किंवा त्याच्या मागे दाखवलेला राजवाडा येईल, दोन्ही नाही. दुसरा मार्ग म्हणजे चित्राच्या दोन्ही बाजू मॉडेलकडून वाढवून घेणं. आकाश आणि फरशी त्यात सहज वाढतात. इमारत मात्र मॉडेल मनाने वाढवतं आणि नसलेल्या खिडक्या, नसलेले सज्जे लावतं.

आडव्यापासून सुरुवात केली तर त्रास कमी होतो, पण संपत नाही. 1536 × 1024 च्या चित्रातून 2:1 कापल्यावर 1536 × 768 राहतं. 6 फूट म्हणजे 72 इंच, म्हणजे इंचाला जेमतेम 21 पिक्सेल. दारावर, हाताच्या अंतरावर ते फुटलेलं दिसेल. तेच चित्र अपस्केलरने, म्हणजे चित्र मोठं करणाऱ्या साधनाने, लांबी-रुंदीत चौपट केलं की 6144 × 3072 होतं, इंचाला सुमारे 85, आणि फ्लेक्सला तेवढं पुरतं. मात्र अपस्केलर नवे पिक्सेल अंदाजाने भरतो. म्हणून मोठं केलेलं चित्र पडद्यावर शंभर टक्क्यांवर उघडून बारीक जागा तपासा: तारा, खिडक्यांच्या जाळ्या, बोटं. छापखान्यात पाठवण्याआधीची ही पाच मिनिटं वाचवू नका.

एक सवय इथेच सांगते. प्रॉम्प्टमध्ये ‘8K’, ‘अल्ट्रा एचडी’ असं लिहिल्याने पिक्सेल वाढत नाहीत. ते शब्द मॉडेलला शैलीसारखे वाटतात आणि चित्राला ती गुळगुळीत चकाकी तेवढी येते. आकार साधनाच्या सेटिंगमध्ये द्यावा लागतो. मिडजर्नीत तो प्रॉम्प्टच्या शेवटी `--ar 2:1` असा लिहितात, आणि तेही गुणोत्तर असतं, पिक्सेल नव्हेत.

विषयाचा तपशील हा सगळ्यांत रसाळ भाग आहे, आणि वेळही इथेच जातो. राजवाडा हवा असेल तर ‘इंदूरचा राजवाडा’ लिहून भागत नाही. आपला राजवाडा सात मजली, खालचे तीन मजले दगडाचे आणि वरचे चार लाकडाचे, मधोमध उंच दरवाजा. मॉडेल त्याला घुमट लावतं, किंवा मजले चार-पाच करतं. शब्दांनी ते फार सुधारत नाही. समोरच्या बागेतून, सकाळी गर्दी व्हायच्या आत, स्वतः काढलेला फोटो संदर्भ म्हणून द्या. शब्द उजेडासाठी वापरा: ‘सूर्योदयाच्या आधीचा फिकट निळा उजेड, पणत्या अजून तेवत आहेत, आकाश मोकळं.’ ‘रात्र नको, फटाके नको’ असं लिहिण्यापेक्षा हे जास्त चालतं, कारण ‘नको’ म्हणताना आपण ती वस्तू मॉडेलपुढे ठेवतोच. काही साधनांत नको असलेल्या गोष्टींसाठी वेगळी चौकट असते, ती असेल तर जरूर वापरा.

तानपुऱ्याचंही तेच. त्याला चार तारा, चार खुंट्या, आणि दांडीवर पडदे नसतात. मॉडेलने सतार जास्त पाहिलेली असावी, म्हणून ते दांडीवर पडदे बसवतं आणि खुंट्या डझनभर लावतं. इतर कुणाला ते दिसणार नाही, पण दिवाळी पहाटेला येणारा श्रोता पहिल्या रांगेत बसून तेच बघेल. ‘गुळगुळीत, सपाट दांडी’ असं लिहा आणि जमलं तर घरच्या तानपुऱ्याचा फोटो जोडा.

आता तो अपवाद. राजवाडा आणि तानपुरा बरोबर यायला तयारच नसतील, तर शैली विषयाच्या आधी ठरवण्यात अर्थ आहे. फोटोसारख्या चित्रात एक तार जास्त असली तरी खुपते. चार-पाच सपाट रंगांच्या पोस्टर शैलीत वाड्याची फक्त बाह्याकृती लागते आणि तानपुऱ्याची सावली. चुकायला जागाच कमी उरते. फ्लेक्सलाही ही शैली सोसते, कारण मोठे सपाट रंग ताणले तरी फुटलेले दिसत नाहीत. मंडळाच्या कार्यक्रमांची गेली काही वर्षं एकच ठरलेली धाटणी असेल, तर शैलीचा प्रश्न आधीच सुटलेला आहे, तो पुन्हा उघडू नये.

जलरंग की पोस्टर, या वादात माझं मत पोस्टरकडे आहे, आणि कारण छपाईचं आहे. पडद्यावरचा झगझगीत केशरी आणि विजेसारखा निळा शाईत उतरत नाही, मळकट होतो. गेरूकडे झुकणारा केशरी आणि गडद निळा घेतला तर कागदावर आणि पडद्यावर फरक कमी पडतो. जलरंगाच्या हलक्या छटा फ्लेक्सवर नुसत्या पुसट वाटतात. कार्यक्रम फक्त व्हॉट्सअॅपवरच कळवायचा असेल तर मात्र जलरंग खुशाल घ्या.

हे सगळं धरून आडव्या चित्राचा प्रॉम्प्ट असा होईल. राजवाड्याचा फोटो सोबत जोडायचा आणि गुणोत्तर सेटिंगमध्ये द्यायचं.

```
दिवाळी पहाटेच्या मैफलीच्या फ्लेक्ससाठी आडवं चित्र.
उजव्या बाजूला पांढऱ्या बैठकीवर आडवा ठेवलेला तानपुरा:
चार खुंट्या, गुळगुळीत सपाट दांडी. शेजारी तीन पणत्या.
मागे जोडलेल्या फोटोतला सात मजली राजवाडा, बाह्याकृतीत.
सूर्योदयाच्या आधीचा फिकट निळा उजेड, मोकळं आकाश.
डावीकडचा एक तृतीयांश भाग सपाट आणि रिकामा.
चार-पाच सपाट रंगांची पोस्टर शैली: गेरू, गडद निळा, पांढरा.
```

हे पसंत पडलं की स्टेटसचं उभं चित्र यातून कापू नका. हेच चित्र संदर्भ म्हणून द्या, 9:16 निवडा, आणि तानपुरा खाली, वाडा मधे, रिकामी जागा वर अशी मांडणी नव्याने सांगा. दोन चित्रं तंतोतंत जुळणार नाहीत. एक दारावर असतं, दुसरं हातातल्या फोनवर, आणि शेजारी शेजारी धरून कुणी बघत नाही. रंग तेवढे तेच ठेवा.

पहिला प्रॉम्प्ट दुसऱ्या कुणी पाठवला असेल आणि त्यांना फोनवर एकच प्रश्न विचारायची सोय असेल, तर ‘कसं हवंय?’ असं विचारू नका, त्याला ‘छानच करा’ हे उत्तर ठरलेलं आहे. ‘काका, हे लावणार कुठे?’ एवढंच विचारा, आणि फ्लेक्स म्हणाले तर लगेच किती बाय किती ते लिहून घ्या.