घरच्या ग्रुपचा चॅट एक्सपोर्ट: आठ महिने वापरल्यानंतर वेळांबद्दल जे कळलं ते

आमच्या घरच्या ग्रुपचा गेल्या काही वर्षांचा चॅट एका जागी जमवायचा, म्हणून मी आठ महिन्यांपूर्वी हे काम हातात घेतलं. कोणाचाच चॅट पूर्ण नव्हता. दादाने फोन बदलला तेव्हा त्याचे काही महिने गेले, ताईने जागा करायला जुनं पुसलं होतं आणि मी ग्रुपमध्ये उशिरा आले होते. त्यामुळे तिघांनी आपापल्या फोनवरून चॅट एक्सपोर्ट करायचा आणि मी त्या टेक्स्ट फायली जुळवायच्या, असं ठरलं. दादा लंडनच्या वेळेवर, ताई न्यूयॉर्कच्या आणि मी, आई-बाबा भारतीय वेळेवर. एक्सपोर्ट करणं दोन मिनिटांचं काम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. फायलीतल्या वेळा वाचायला मात्र मला कितीतरी महिने लागले.

पहिल्याच जुळवणीत घरात वाद झाला. बाबांना ॲडमिट केलं त्या सकाळी आईने ग्रुपवर टाकलेला मेसेज तीन फायलींत असा होता:

```
28/10/25, 7:10 am - आई: बाबांना घेऊन हॉस्पिटलात पोचलो
[28/10/2025, 01:40:12] आई: बाबांना घेऊन हॉस्पिटलात पोचलो
[10/27/25, 9:40:12 PM] आई: बाबांना घेऊन हॉस्पिटलात पोचलो
```

पहिली ओळ माझ्या फोनची, दुसरी दादाची, तिसरी ताईची. ताईच्या फायलीत तारीख २७ आणि दादाच्या फायलीत २८ बघून दादाला वाटलं की त्याच्यापर्यंत निरोप चार तास उशिरा पोचला. त्याला ते फार लागलं, आणि का लागलं तेही मला समजत होतं. पण हा एकच मेसेज आहे आणि तिघांना एकाच क्षणी मिळालेला आहे.

याचं कारण असं. ॲप स्वतःजवळ मेसेजची वेळ "सकाळी सात दहा" अशी ठेवतच नाही. १ जानेवारी १९७० च्या यूटीसी मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले, तो आकडा ठेवतं. या मेसेजसाठी तो आकडा 1761615600 च्या पुढे बारा सेकंद आहे आणि तो तिन्ही फोनांवर सारखाच आहे. एक्सपोर्ट करताना ॲप त्या आकड्याचं रूपांतर घड्याळातल्या वेळेत करतं आणि त्यासाठी फोनवर त्या घडीला लावलेला टाइमझोन वापरतं. शिवाय तारखेची मांडणी फोनच्या रीजन सेटिंगप्रमाणे होते, म्हणून ताईकडे महिना आधी आणि आमच्याकडे दिवस आधी. हे सगळं करून झाल्यावर टाइमझोन कोणता वापरला ते मात्र आमच्या ॲपची फाइल कुठेच लिहीत नाही. मूळ गाठ तिथे आहे. ओळीवर `+05:30` एवढं जरी छापलं असतं तरी आमचा वाद झाला नसता.

इथे मला सगळ्यात उशिरा उमगलेली गोष्ट सांगते. फायलीतली वेळ मेसेज पाठवणाऱ्याच्या गावाची नसते. मेसेज आला तेव्हा फोन जिथे होता तिथलीही नसते. एक्सपोर्टचं बटण दाबलं त्या क्षणी फोनवर जो झोन होता, त्या झोनची ती वेळ असते आणि ती अख्ख्या फायलीला, अगदी दोन वर्षांपूर्वीच्या मेसेजलासुद्धा, लागू होते. ताई हिवाळ्यात आमच्याकडे आली होती तेव्हा तिने इथूनच एक फाइल काढून दिली. ताईची फाइल म्हणजे न्यूयॉर्कची, असं धरून मी ती भारतीय वेळेत बदलली. मग जुलैमध्ये रात्री पावणेअकराला आईने टाकलेलं "झोपते आता" दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वाआठला दिसायला लागलं. आई त्या वेळी झोपत नाही, म्हणून चूक पकडली गेली. एरवी ती तशीच राहिली असती, कारण फाइल आतून अगदी सुसंगत दिसते.

दुसरी चूक माझी स्वतःची, आणि ती बरेच जण करतील असं वाटतं. स्प्रेडशीटमध्ये ताईच्या सगळ्या वेळांत मी सरसकट साडेदहा तास मिळवले. न्यूयॉर्क आणि भारत यांच्यात हिवाळ्यात साडेदहा तासांचं अंतर असतं हे खरं, पण तिथे उन्हाळी वेळ लागू असते तेव्हा ते साडेनऊच असतं. आईच्या त्या मेसेजला साडेदहा मिळवले तर सकाळचे ८:१० येतात, साडेनऊ मिळवले तर ७:१०, आणि ७:१० हेच बरोबर. ऑक्टोबर संपत आला होता म्हणून मी हिवाळा धरला, पण २०२५ मध्ये न्यूयॉर्कची उन्हाळी वेळ २ नोव्हेंबरला संपली. लंडनची मात्र २६ ऑक्टोबरलाच संपली होती. म्हणजे त्या एका आठवड्यात दादा आणि ताई यांच्यात नेहमीच्या पाच तासांऐवजी चारच तासांचं अंतर होतं. दादाला दिसलेले "चार तास" तेच. त्यांच्यात पाच तासांचं अंतर असतं हे त्याला पाठ आहे, म्हणून चार हा आकडा त्याला झोनमधल्या फरकाचा वाटलाच नाही.

त्यामुळे ठरावीक तास मिळवणं सोडून द्यावं. झोनचं पूर्ण नाव सांगितलं की कोणत्या तारखेला किती अंतर ते संगणक स्वतः बघतो. पायथन ३.९ पासून हे आतच येतं:

```python
from datetime import datetime
from zoneinfo import ZoneInfo

t = datetime(2025, 10, 27, 21, 40, 12,
             tzinfo=ZoneInfo("America/New_York"))
print(t.astimezone(ZoneInfo("Asia/Kolkata")))
# 2025-10-28 07:10:12+05:30
```

विंडोजवर यासाठी `tzdata` हे पॅकेज वेगळं टाकावं लागू शकतं. काही फोनांच्या फायलींत AM, PM च्या आधीची मोकळी जागा साधी स्पेस नसते, दिसायला तशीच पण वेगळं अक्षर असतं. कोड विनाकारण अडतोय असं वाटलं तर आधी ते तपासा.

फाइल कोणत्या झोनची हे माहीत नसेल तर दोन फायलींत असलेला एखादा वेगळा ओळखू येणारा मेसेज शोधायचा. "हो", "ओके" कामाचे नाहीत, लांब आणि एकदाच आलेला हवा. त्याच्या दोन वेळांमधलं अंतर काढायचं. असा एक मेसेज जानेवारीतला आणि एक जुलैतला घ्यायचा. माझ्या फायलीशी दादाच्या फायलीचं अंतर जानेवारीत साडेपाच तास येतं आणि जुलैत साडेचार. भारतात उन्हाळी वेळ नाही, म्हणजे बदल दादाच्या बाजूला आहे. दोन्ही महिन्यांत अंतर शून्य आलं, तर ती फाइल भारतीय वेळेतच निघालेली आहे. ताईच्या त्या फायलीचं तसंच निघालं. सध्या जगात वापरात असलेले सगळे झोन यूटीसीपासून पंधरा मिनिटांच्या पटीत आहेत, तेव्हा अंतर तीन तास सात मिनिटं असं काही आलं तर झोनमध्ये कारण शोधू नका. एकतर दोन वेगळे मेसेज जुळवलेत, किंवा कोणाच्या फोनचं घड्याळ चुकलेलं होतं, किंवा नेटवर्क नसताना मेसेज अडकून राहिला होता. दोन-चार सेकंदांचा फरक मी सोडून देते.

फाइल वेळेप्रमाणे सॉर्ट करू नका, हे मला कळकळीने सांगायचंय. दादाच्या फायलीत २६ ऑक्टोबरला वेळा अशा येतात: 01:50, 01:56, मग 01:04, 01:11. फाइल बिघडलेली नाही. त्या रात्री लंडनमध्ये दोन वाजताच घड्याळ परत एकवर आलं, त्यामुळे एक ते दोन हा तास दोनदा झाला. सॉर्ट केलं की दुसऱ्या तासातलं उत्तर पहिल्या तासातल्या प्रश्नाच्या आधी जाऊन बसतं आणि मग ते वेगळं काढायचा मार्ग उरत नाही. मूळ फायलीतला ओळींचा क्रम हाच तिथला पुरावा आहे. तो जपायचा, आणि कोडमध्ये दुसऱ्या तासातल्या मेसेजना `fold=1` द्यायचं.

या सगळ्यावर शेवटी जो उपाय सापडला, तो पहिल्या दिवशी माहीत असता तर निम्मं काम वाचलं असतं. एक्सपोर्ट करण्याआधी फोनच्या तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये आपोआप झोन घेणं बंद करायचं आणि झोन म्हणून रेक्याविक निवडायचं. आइसलँड वर्षभर यूटीसीवरच असतं, तिथे उन्हाळी वेळ नाही. मग ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडायचं, चॅटमधल्या वेळा बदललेल्या दिसतात का ते बघायचं आणि एक्सपोर्ट करायचा. तिघांनी असं केलं की तिन्ही फायलींत आईचा मेसेज २८ ऑक्टोबर, 01:40 असाच येतो. तास मिळवायचे नाहीत, दोनदा येणारा तासही नाही. फक्त झोन बदलायचा, घड्याळाचे काटे हाताने हलवायचे नाहीत. घड्याळ चुकीचं असलं की ॲपची सुरक्षित जोडणीच नीट चालत नाही. काम झालं की सेटिंग आठवणीने परत आपोआपवर आणायचं, नाहीतर सकाळचा गजर चुकेल.

तारखेची मांडणी तरीही फोनप्रमाणे वेगळी राहते. 03/04/25 म्हणजे मार्च की एप्रिल, हे त्या एका ओळीवरून कळत नाही. पहिल्या जागी बारापेक्षा मोठा आकडा कुठेतरी सापडला की दिवस आधी, दुसऱ्या जागी सापडला की महिना आधी.

आमचा एक छोटा ग्रुप टेलिग्रामवर आहे. त्याच्या डेस्कटॉपवरून JSON एक्सपोर्ट केला की प्रत्येक मेसेजला `date` आणि `date_unixtime` असे दोन रकाने येतात. `date` संगणकाच्या स्थानिक वेळेत असतो, `date_unixtime` म्हणजे तोच १९७० पासूनच्या सेकंदांचा आकडा. तिथे मी फक्त दुसरा रकाना वापरते आणि कुठलीच शंका राहत नाही.

आता प्रत्येक फाइल हातात आली की त्याच क्षणी तिचं नाव बदलते: एक्सपोर्टची तारीख, कोणाचा फोन, कोणता झोन, दिवस आधी की महिना. एक्सपोर्टच्या आधी ग्रुपवर "आत्ता यूटीसी १४:३०" असा मेसेजही टाकायला सांगते. फायलीच्या शेवटी त्याच्यासमोर 8:00 PM दिसलं तर ती फाइल भारतीय वेळेची. पण नावात झोन लिहायचाच, कारण हिवाळ्यात लंडन आणि रेक्याविक दोन्ही सारखेच दिसतात.

दादाच्या जुन्या फोनची एक फाइल बरेच दिवस बाजूला पडून होती. ती कुठे असताना काढली ते त्यालाही आठवत नव्हतं आणि त्या दिवसांचे माझे मेसेज अपुरे होते, त्यामुळे जुळवून बघता येईना. शेवटी ३० मार्च २०२५ ची पहाट उघडली. लंडनमध्ये त्या रात्री एक वाजता घड्याळ थेट दोनवर गेलं, म्हणजे लंडनच्या वेळेत निघालेल्या फायलीत 01 ने सुरू होणारी वेळ त्या दिवशी असूच शकत नाही. फाइलमध्ये 01:22 ला आईचा फोटो होता आणि त्याखाली 01:25 ला ताईचं उत्तर. दादाला ते दाखवल्यावर त्याला आठवलं, ती फाइल त्याने ताईकडे राहायला गेला होता तेव्हा काढली होती.